साडेतीन चिपटी

केसरच्या सासूने घर तिच्या हवाली केलं ते किल्ल्या देऊन नव्हे, चिपटं देऊन. पितळेचं माप, एका कडेला खळगा पडलेलं. "शिजवताना सपाट भर, देताना शीग लाव," एवढंच सासू बोलली होती. शीग लावायची म्हणजे मापावर धान्याचा डोंगर करायचा. घरच्यांना सपाट, दारच्याला डोंगर, हा त्या घरचा रिवाज.

त्याला बावन्न वर्षं होऊन गेली. गाव किलोवर गेलं, किलोवरून थैल्यांवर गेलं, पण केसरच्या डोक्यातला हिशेब चिपट्यावरून हलला नाही. रेशनचा जाडा तांदूळ चिपट्यात पाव किलोला जरा कमी बसतो, हे तिने एकदा दुकानाच्या काट्यावर मोजून घेतलं होतं. दुकानदार हसला होता. "आजी, परीक्षेला बसताव काय?"

"तुझ्याकडं महिना एकदा येते बाबा," केसर म्हणाली होती. "परीक्षा मंग एकोणतीस दिवस चालतं."

घरचं कार्ड पिवळं. पिवळ्या कार्डाला महिन्याचे पस्तीस किलो. घरात दोन माणसं असोत की दहा, पस्तीसच. पंचवीस किलो तांदूळ, दहा किलो गहू. खाणारी तोंडं पाच. केसर स्वतः, मुलगा विनेश, सून सोनल, अकरा वर्षांची नात राही आणि पहिलीतला ऋत्विक. पंचवीस किलोची चिपटी होत एकशे आठ. रोजची साडेतीन: अर्धं सकाळच्या पेजेला, दीड दुपारच्या भाताला, दीड रात्रीला. गव्हाच्या पिठाच्या रोज दहा चपात्या, माणशी दोन. तीस दिवसांना साडेतीनप्रमाणे एकशे पाच चिपटी लागत, तीन उरत. शिवाय भाताचे तांदूळ काढले की त्यातली एक मूठ ती पुन्हा कोपऱ्यातल्या मडक्यात टाकी. महिन्याच्या तीस मुठी. दुकानात धान्य काही एक तारखेला येत नाही. कधी आठला येतं, कधी दहाला, आणि आलं तरी केसरचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, मासळी कापून कापून त्याच्या रेघाच पुसल्या आहेत. तेव्हा विनेशला किंवा सोनलला जावं लागे. धान्य हाती येईपर्यंतचे दिवस ते मडकं ओढून नेई.

काशीदच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी त्यांचा कोळीवाडा. विनेश दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. होडी समुद्रात असली की चार मासे घरी येत, हातात काही पडे, आणि रेशन हा नुसता आधार असे. पण जून लागला की सरकारी बंदी. जून आणि जुलै, दोन महिने होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली. मग त्या आधारावरच सगळं घर चाले.

दरवर्षी त्या दोन महिन्यांसाठी डबे भरून ठेवलेले असत. सुकट, जवळा, बोंबील. ते सुकवायचं काम सोनलचं. चैत्रात भल्या पहाटे उठून ती वाळूवर जवळा पसरी, दुपारी उलटा करी, कावळ्यांना हाकली. या वर्षी होळीपासून तिला खोकला लागला तो हटेना. जवळा पसरायला ओणवी झाली की धाप लागे. एक टोपली निम्मी ओली राहून सडली. त्यानंतर विनेशनेच म्हटलं, राहू दे. म्हणून या बंदीला डब्यात सुकट होती ती आठवड्यातून एकदा तोंडी लावण्यापुरती. बाकी घरात भरलेलं होतं ते दोन किलो तूरडाळ, दीड किलो वाल, किलोभर कुळीथ आणि तेलाच्या तीन पिशव्या. आणि हे एका महिन्याचं नव्हे, दोन महिन्यांचं.

केसरने त्याचंही माप बांधलं. दिवसाला दीड मूठ डाळ किंवा कडधान्य, पाच माणसांत. तेलाच्या तीन लहान पळ्या. दोन फोडणीला, एक कशाला लागेल त्याला. टाकळ्याची कोवळी पानं उगवली की भाजी फुकटची, पण तेलावाचून ती घशाखाली उतरत नाही, म्हणून ती तिसरी पळी.

सोनलच्या खोकल्याचं नाव कळलं ते एप्रिलच्या शेवटी. गावची आशाताई सुचिता तिला थुंकी तपासायला घेऊन गेली आणि परतताना गोळ्यांची पाकिटं घेऊन आली. टीबी. सहा महिने रोज गोळ्या.

विनेश ओसरीवर डोकं धरून बसला. सोनल आत भिंतीला टेकून बसली होती, पोरांना जवळ येऊ देत नव्हती. केसर तिच्यासमोर जाऊन बसली.

"माजी नणंद होती, हिरू," ती म्हणाली. "तुला कधी बोलले न्हाय."

आणि मग तिने सांगितलं. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा हिरूला क्षय झाला. सतरा वर्षांची पोर. तिला मागच्या पडवीत टाकली. एक जर्मनची, ॲल्युमिनियमची ताटली तिच्यासाठी वेगळी काढली, चेपलेली. केसरने भात वरून टाकायचा, हात लागू द्यायचा नाही. ताटली हिरूनेच धुवायची, हिरूनेच पालथी घालायची. चार महिने. शेवटी शेवटी हिरू भाताकडे बघायची नाही, ताटलीकडे बघायची. ती गेली त्या दिवशी सासऱ्याने ताटली खाडीत भिरकावली. भरतीने ती दोनदा काठाला परत आणून टाकली.

"तवाच म्या ठरवलं," केसर म्हणाली. "माझ्या चुलीपुढं कुणाची ताटली वेगळी न्हाय लागायची. तुझी तर न्हायच न्हाय. पाचांत बसशील, पाचांत जेवशील. आयकलंस?"

सोनल तेव्हा पहिल्यांदा रडली.

सुचितानेही तेच सांगितलं होतं, की भांड्याने टीबी लागत नाही, खोकताना तोंडाला कापड धर, खिडकी उघडी ठेव. त्यामुळे केसरला वाटलं, आपण आणि डॉक्टर एकाच वाटेवर आहोत.

मे महिना बरा गेला. होडी चालू होती, ताटात मासा होता. सोनलचं वजन होतं पस्तीस किलो चारशे. मेअखेर पस्तीस सहाशे भरलं. सुचिता खूश झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती एक पिशवी घेऊन आली. कुणी दात्यांनी तालुक्यातले टीबीचे रुग्ण दत्तक घेतले होते. त्यांच्याकडून रुग्णाला महिन्याचा शिधा. तीन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, अर्धा किलो मूग, तेलाची पाव लिटरची पिशवी, किलोभर शेंगदाणे. सोनलची सही घेतली, फोटो काढला.

"हे सोनलचं हां, मावशी," सुचिता म्हणाली.

"व्हय गो. आमच्या सोनलमुळंच आलं म्हणायचं," केसर म्हणाली, आणि सुचिता पायरी उतरते न उतरते तोच तांदूळ तांदळात, डाळ डाळीत, तेल तेलात गेलं. त्यात तिला वेगळं काही वाटलंच नाही. विनेशच्या होडीचे मासे आले की ते विनेशचे म्हणून कुणी राखून ठेवत नसे. घरात आलं, ते घराचं.

तिने लगेच नवा हिशेब बसवला. तीन किलोची तेरा चिपटी. म्हणजे साडेतीनाची चार झाली. डाळीच्या दीड मुठीची अडीच मुठी झाली. शेंगदाण्यांची चटणी कुटली, ती रोज प्रत्येकाच्या ताटात चिमूटभर. आमटीला पुन्हा रंग आला. ऋत्विक वाटी चाटून म्हणाला, "आजी, आज आमटीत डाळ हाय!"

"मंग काय रोज खाडी वाढत होते व्हय मी तुला?"

सगळे हसले. सोनलही हसली, खोकत खोकत. पाचही जणं गोल बसत. केसर एकाच डावाने वाढी, दीड दीड डाव, पोरांना नाही जास्त, पुरुषाला नाही जास्त. शेजारची काही घरं अशी होती की बाप्यांची पंगत उठल्याशिवाय बायकांना भात दिसत नसे. केसरला आपल्या गोलाचा अभिमान होता. कोपऱ्यातलं मडकंही भरत होतं. पंधरवड्यात राहीचे गाल वर आलेले तिला दिसले.

जूनच्या शेवटी उपकेंद्रात वजन झालं. सोनलबरोबर केसरही गेली होती. सुचिताने सोनलला काट्यावरून उतरवलं, पुन्हा चढवलं.

"चौतीस सहाशे."

"काटा बिघडला असंल," केसर म्हणाली.

सुचिता स्वतः चढून बघून आली. काटा बरोबर होता. तिने सोनलला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि केसरला म्हणाली, "मावशी, गोळ्या रोज घेते ना?"

"माझ्यासमोर गिळतं."

"मग खाते काय?"

केसरने सांगितलं. चार चिपटी, अडीच मुठी, दहा चपात्या. मोठ्या तपशिलाने सांगितलं, कारण एवढ्याशात पाच माणसांचा महिना चालवणं हे काही कुणालाही जमणारं नव्हतं. सुचिता ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता.

"म्हणजे ती पिशवी तुम्ही पाच जणांत वाटली?"

"वाटली कसली? घरात आली, घरात गेली."

"मावशी, ते एका माणसाचं होतं! रोजची एक मूठ डाळ, एक मूठ दाणे, ती सगळी तिच्या एकटीच्या पोटात जायला पाहिजे होती. तिच्या वाट्याला किती आलं? मुठीचा पाचवा हिस्सा. ते औषध हाय. गोळ्यासुद्धा पाच जणांत वाटून खाल काय?"

बाहेर पावसाची सर आली होती, पत्र्यावर ताशा वाजत होता. आयुष्यात केसरच्या वाढण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"वेगळा डबा करा," सुचिता म्हणाली. "वेगळं शिजवा, वेगळं वाढा."

"ते न्हाय व्हायचं."

"का न्हाय?"

"माझ्या घरात वेगळी ताटली लागत न्हाय."

सुचिताला हिरू ठाऊक नव्हती. तिने कपाळाला हात लावला. "धन्य हाय तुमची," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईला हाक मारली.

घरी येताना केसरने मनाशी तोड काढली. ताटली वेगळी करायची नाही, पण डाव वेगळा करायचा. स्वतःच्या वाट्यातला अर्धा डाव ती सोनलच्या ताटात टाकू लागली, चटणीची आपली चिमूट तिला देऊ लागली. जुलैची पिशवी आली, तीही डब्यांत गेली. फक्त दाणे तिने यावेळी कुटले नाहीत, मूठभर भाजून सोनलच्या ताटात ठेवू लागली. विनेशने खाडीच्या चिखलात हात घालून दोनदा निवट्या मासळी आणली, त्यांतल्या मोठ्या सोनलला. आपण बरोबर करतो आहोत असं केसरला वाटत होतं.

पण दिसत तिलाही होतं. भात वाढून ती चुलीकडे वळली की मागे ताटं सरकल्याचा आवाज येई. वळून बघावं तर ऋत्विकचे गाल दाण्यांनी भरलेले आणि सोनल पाणी पीत असलेली.

"खाल्लंस?"

"व्हय आय. पोट भरलं."

एकदा तिने सोनलचं मनगट धरलं. दाणे मुठीतच होते. ऋत्विक समोर तोंड उघडं टाकून बसला होता, पाखरासारखा. सोनलने सासूकडे बघितलं. केसरने मनगट सोडलं. तिला स्वतःला तरी कुठे जमलं असतं?

जुलैच्या मध्याला सुचिता काटाच घरी घेऊन आली. तेहतीस आठशे. सोनलच्या पायांच्या काड्या झाल्या होत्या, संध्याकाळी अंग तापायचं, गोळ्यांनी मळमळायचं. विनेश दारात उभा होता.

"आये, डाक्टरनं सांगितलेलं का करत न्हाय गो तू?" तो एकदम ओरडला. "कसला मान धरून बसलीस?"

"मान न्हाय रे."

"मंग काय?"

सुचिता केसरला घेऊन चुलीशी गेली आणि हळू बोलली. "मावशी, तुम्ही कमी देता असं म्हणत न्हाय मी. तुम्ही देता ते तिच्या ताटात पडतं, पोटात जात न्हाय. समोर पोरं बसलेली असताना कुठली आई खाईल? पोरं शाळेत असताना तिला एकटीला भरवा. आणि तेहतीसच्या खाली गेली तर अलिबागला भरती करावीच लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते."

केसर त्या दुपारी बराच वेळ डब्यांसमोर बसली. जुलैची पिशवी निम्मी खाऊन झाली होती. पण तिने पुऱ्या महिन्याची पिशवी परत उभी करायची ठरवलं, उसनं फेडतात तशी. एक रिकामा पत्र्याचा डबा पुसून घेतला. घरच्या तांदळातून चिपटं भरलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या घरात त्याला शीग लावली. तेरा चिपटी, शीग लावून. घरची तूरडाळ, जेवढी होती तेवढी. मूग सगळे. उरलेले दाणे. पाव बाटली तेल. बाकीच्या चौघांना आता भाताबरोबर टाकळा आणि कुळथाचं पातळ कढण, पंधरा दिवस. कोपऱ्यातलं मडकंही तिने त्या डब्यात उलटं केलं. महिनाअखेरीचं महिनाअखेरीला बघू.

दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत गेल्यावर तिने लहान टोपात मुगाची खिचडी टाकली. वर दोन पळ्या तेल, भाजलेल्या दाण्यांचं कूट. सोनलचा डोळा लागला होता. केसरने फळीवरची एक ताटली काढली. रोजचीच, पाचांतली. तिच्यात खिचडी वाढली आणि ती घेऊन सोनलच्या अंथरुणाशी गेली.

सोनल उठून बसली. ताटलीकडे बघितलं. मग चुलीकडे बघितलं. तिथे दुसरी ताटली नव्हती. मोठा टोप झाकलेला होता, लहान टोप उघडा होता. ती पुन्हा ताटलीकडे बघू लागली, आणि ते बघणं केसरने बावन्न वर्षांपूर्वी बघितलेलं होतं.

"काढलीत ना वेगळी?" सोनल म्हणाली. आवाजात राग नव्हता. "हिरू आत्याची झाली तशीच येळ आली म्हणायची."

"न्हाय गो पोरी. ह्ये औषध हाय. सुचितानं सांगितलं—"

"मला कळतं आय. राहू दे. ठेवा तिथं, खाते मी."

ती खाणार नव्हती. सुचिताकडे शब्द होते, डॉक्टरकडे होते. केसरकडे फक्त हात होते. ती ताटलीसमोर खाली बसली, खिचडीत बोटं घातली, एक घास केला आणि आपल्या तोंडात टाकला. सोनल बघत राहिली. केसरने दुसरा घास केला आणि तो सोनलच्या ओठांशी नेला. तोंड उघडायला वेळ लागला.

सोनलने चार घास खाल्ले. पाचव्याला मान फिरवली.

मग रोज दुपारी तेच. एक घास केसरचा, बाकीचे सोनलचे. चाराचे सहा झाले, सहाचे आठ. "तुमचा घास मोठा असतो आय," एक दिवस सोनल म्हणाली. "माझ्या औषधाला टपलाव काय?"

"तोंड बघ केवढं चाललं! गीळ आधी."

आठवड्याने सुचिताने वजन केलं. तेहतीस नऊशे. शंभर ग्रॅमच वर, पण वर. केसरने तो आकडा तीनदा विचारून घेतला. चिपट्याच्या भाषेत ते अर्ध्या चिपट्याहून कमी होतं. त्या रात्री कढण पिताना राहीने विचारलं, "आई बरी होतंय ना आजी?" आणि केसर म्हणाली, "व्हय."

जुलै संपायला पाच दिवस होते तेव्हा सोनलच्या खोकल्यातून रक्त आलं. पदर भिजला. विनेशने तिला उचलून रिक्षात घातलं, सुचिता बरोबर गेली. अलिबागला सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टरीणबाईने विनेशला सांगितलं की अंगात काही शिल्लकच नव्हतं, दुखणंही फार उशिरा हाती लागलं. विनेशने ते घरी येऊन आईला तसंच सांगितलं. कुठलं आधी आणि कुठलं मागून, होळीपासूनचे दोन महिने की जूनचे तीस दिवस, हे केसरने विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणी सांगितलं असतं तेही तिला कळत नव्हतं.

बंदी उठली. होड्यांवरची झापं निघाली, इंजिनं सुरू करून बघण्याचा आवाज वाड्यात घुमू लागला. त्यानंतर दोनच दिवसांनी सोनल गेली.

बारा दिवस शेजारपाजारच्या घरांतून भात येत होता. तेराव्या दिवशी सुचिता आली. हातात पिशवी नव्हती. ती पायरीवर बसली.

"ऑगस्टची आली होती," ती म्हणाली. "नाव कमी करायला लागलं, मावशी. परत पाठवली."

"बरं केलंस."

केसर आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात तांदूळ होते, मूग होते, दाणे होते, पाऊण डबा. घरात त्या आठवड्यात डाळ नव्हती तरी त्या डब्याला कुणाचा हात लागला नव्हता. ऋत्विकने दाणे मागितले होते, आणि त्याला त्याच्या आजीने हयातीत पहिल्यांदा चापट मारली होती.

"दुसरं कुणी हाय काय असं?"

"वरच्या पाड्यावर हाय एक. पोरगीच हाय, वीस-बावीसची."

"हे ने."

"पिशवीत ओतून नेते. डबा राहू दे तुम्हाला."

"डबा पण ने," केसर म्हणाली. "त्यांच्याकडं वेगळा डबा नसंल." मग झाकण घट्ट दाबत म्हणाली, "कुणाला तरी तिच्यासंगं जेवायला बसायला सांग. एक घास खायला."

सुचिताने डबा कडेवर घेतला, मूल घेतात तसा, आणि ती चिखलातून सांभाळून निघून गेली.

त्याच दिवशी रेशन आलं. विनेशचा अंगठा उमटला. पंचवीस आणि दहा, पस्तीस किलो. कार्डावरून एक नाव जायचं होतं, पण त्याने पस्तीसला काही होत नव्हतं. केसरने तांदूळ डब्यात ओतले, चिपटं घेतलं. दुपारचं दीड, सपाट. एक मूठ मडक्यात. हात आपोआप चालत होते. विनेश होडीवरून बांगडा घेऊन आला होता, त्याचं कालवण केलं. ताटं मांडली. चारच. तरी चौघं बसली ती जुन्याच जागांवर, आणि गोलात एक फट राहिली.

केसरने वाढलं. दीड दीड डाव. विनेशने मान खाली घालून खाल्लं, उठला. ऋत्विकने काटे काढत खाल्लं. केसरने आपलं ताट तसंच ठेवलं होतं.

राही टोप आवरायला गेली. झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली. या घरात दुपारच्या जेवणानंतर टोपाचा तळ दिसतो, हे ती कळायला लागल्यापासून बघत आली होती.

"आजी," ती म्हणाली, "भात उरलाय."

केसर जागची उठली नाही. राहीने टोप तिच्यासमोर आणून ठेवला. तळाशी दीड डाव भात होता, पांढरा, अजून वाफ निघत असलेला.

"कुणाला वाढू?" राहीने विचारलं.